चरात माणूस उतरवण्याआधी: सकाळचं काम-वाटप, परमिट आणि कागदपत्रं

इंदूरच्या नव्या कॉलन्यांमध्ये ड्रेनेजची लाइन टाकायची म्हणजे काळ्या मातीत चर खणायचा. कोरडी असताना ही माती दगडासारखी कडक वाटते आणि चराच्या भिंती अगदी सरळ उभ्या राहतात. तिथेच सुपरवायझर फसतो. रात्री एक सर पडली किंवा शेजारून गेलेली नर्मदेच्या पाण्याची लाइन झिरपत असली, की त्याच मातीला काठाशी समांतर भेग जाते आणि अख्खा पापुद्रा आत बसतो. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे असतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास सोडू शकतो, पण पुन्हा भरून घेऊ शकत नाही. म्हणून सकाळचं काम-वाटप हा नुसता हजेरीचा कार्यक्रम नसतो. त्या दिवशी कोण, कुठे आणि कशाच्या आधारावर आत उतरणार, हे ठरवणारा तो कागद आहे.

कोणाला कोणतं काम देता येतं

अठरा वर्षांखालच्या कोणालाही साइटवर कामाला लावायचं नाही. वयाबद्दल शंका असेल तर आधार पाहिल्याशिवाय नाव लिहू नका, ठेकेदार कितीही म्हणो, ‘साहेब, माझा भाचाच आहे’. चरात उतरणारा माणूस त्या दिवशीच्या सुरक्षा-सूचनेला हजर असलाच पाहिजे. नऊ वाजता उशिरा आलेल्याला वरचं काम द्या, नाहीतर त्याच्यासाठी सूचना पुन्हा घ्या. जेसीबीवर परवानाधारक ऑपरेटरच बसेल. शिवाय चर चालू असताना काठावर एक माणूस फक्त पाहणीला ठेवावा लागतो. त्याच्या हातात फावडं द्यायचं नाही. वाटपात सगळ्यात आधी हाच माणूस कापला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी बचत हीच.

परमिट कसं घ्यायचं

खोदाईचं परमिट सुपरवायझरने भरायचं आणि साइट इंजिनिअरने जागेवर येऊन सही करायची. ऑफिसात बसून केलेली सही मी मानत नाही. परमिट त्या एका पाळीपुरतंच असतं आणि मध्ये पाऊस झाला तर रद्द समजायचं. सोबत जमिनीखालच्या केबल आणि पाण्याच्या लाइनींचा नकाशा लागतो. चर रस्त्यावर असेल तर महापालिकेच्या खोदाई परवानगीची प्रतही लागते.

सही करण्याआधी चार गोष्टी पाहायच्या. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या सुरक्षा नियमांत त्या स्पष्ट दिल्या आहेत. चर १.५ मीटर किंवा त्याहून खोल असेल तर भिंतींना ढाळ किंवा पायऱ्या द्यायच्या, नाहीतर फळ्या-टेकूंचा पक्का आधार लावायचा. खोली १.२ मीटरपासून पुढे असेल तर दर ३० मीटर लांबीला किमान एक शिडी हवी. ती तळापासून निघून जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर आलेली असावी. उपसलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाकायची.

हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहून शिकलो. जुन्या एका साइटवर ढीग अगदी काठाला लागून होता, कारण लांब टाकायला जेसीबीचा वेळ जातो. पोरं चहाला वर आली होती, तेवढ्यात ढिगासकट काठ आत गेला. आत फक्त एक घमेलं आणि फावडं होतं. त्या दिवसापासून मी टेप घेऊनच फिरतो.

सूचना दहा मिनिटांची, पण काठावर उभं राहून

आमच्याकडचे बरेचसे मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारकडचे असतात. हिंदीत भराभर वाचून दाखवलं की सगळे मान हलवतात. म्हणून मी त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्याला भिलीत सांगायला लावतो आणि मग उलट विचारतो: ‘भेग दिसली तर काय करशील?’ एक जण म्हणाला, ‘माती टाकून बुजवीन.’ हे कळलं ते विचारलं म्हणूनच. उत्तर एकच: हातातलं टाकून शिडीने वर यायचं आणि मग ओरडून सांगायचं. कोणी गाडला गेला तर दुसऱ्याने आत उडी मारायची नाही आणि जेसीबीने उकरायचं नाही, जेसीबीची बादली गाडलेल्या माणसालाच लागते. रजिस्टरवर सही किंवा अंगठा या उत्तरानंतरच घ्यायचा.

एक दिवस, कागदावर

समजा आजचं काम आहे २५ मीटर लाइन, खोली १.८ मीटर, अडीच मीटर लांबीचे दहा पाइप. खोली १.५ मीटरच्या पुढे, म्हणून भिंतींना ढाळ द्यायचा. खोलीची निम्मी ०.९ मीटर, म्हणून माती १.५ मीटरवरच टाकायची. लांबी तिसाच्या आत, म्हणजे एक शिडी पुरे. वाटप-पत्रकात ‘पाइप टाकणे’ असं मोघम लिहू नका. ‘० ते २५ मीटर, तळ साफ करणे दोन बेलदार, मुरूम पसरणे दोघं, पाइप बसवणे मिस्त्री आणि एक मदतनीस, काठावर पाहणीला एक’ असं नावानिशी लिहा.

मोजणी दिवसातून दोनदा करा. दुपारी पाच पाइप बसले, म्हणजे साडेबारा मीटर. जेवणानंतर काम सुरू करताना काठ पुन्हा पाहिला, तर बावीस मीटरजवळ बोटभर भेग. माणसं वर घेतली, भिंतीचा ढाळ वाढवला, दीड तास गेला. संध्याकाळी आठ पाइप, २० मीटर. शेऱ्यात हेच लिहायचं: बाकी ५ मीटर, कारण भेग, ढाळ वाढवला, वेळ अमुक. मिस्त्री ‘झालं’ म्हणाला तरी लेव्हल आणि सांधे तपासल्याशिवाय ‘पूर्ण’च्या रकान्यात खूण करायची नाही, कारण एकदा माती भरली की तपासायला काही उरत नाही. उघड्या राहिलेल्या पाच मीटरला कठडा आणि लाल दिवा लावून परमिट बंद करायचं. उद्याच्या पत्रकाची पहिली ओळ हीच बाकी.

हेच कागद मजुराच्या उपयोगाचे

बांधकाम कामगार म्हणून कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम ही अट आहे. मध्य प्रदेशात अर्जासोबत आधार, समग्र आयडी, बँक पासबुक, फोटो आणि ९० दिवसांच्या कामाचा दाखला जोडतात. अडतं ते दाखल्यापाशी. मजूर चौकातून आलेल्याचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर ‘सोबत ४ माणसं’ एवढंच असतं. वाटप-पत्रकात मात्र तो रोज नावानिशी असतो, सूचनेच्या रजिस्टरवर त्याचा अंगठा असतो. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. ‘काळू’ आणि ‘कालूसिंह’ यांत अर्ज परत आलेला मी पाहिलाय. आठवड्याच्या चुकाऱ्याच्या दिवशी प्रत्येकाला त्याचे दिवस मोजून सांगा आणि नव्वद भरले की दाखला त्याच दिवशी हातात द्या. तो गावी गेला की पुन्हा तुमच्याच साइटवर येईल असं नाही.