पॅडल चाचणी आणि ‘ट्रेस’चा घोळ

दुधाची धार काळ्या कापडावर सोडून गाठी शोधण्याची रीत जुनी आहे, पण ती उघड कासदाहच पकडते. 1939 मध्ये दुधात कॉस्टिक सोडा ढवळून दाटपणा पाहण्याची चाचणी आली. 1957 मध्ये कॅलिफोर्नियात सोड्याची जागा डिटर्जंटच्या द्रावणाने घेतली, चार वाट्यांचे पॅडल आले आणि तपासणी गोठ्यातच होऊ लागली.

प्रत्येक सडाच्या पहिल्या एक-दोन धारा बाजूला टाकून पुढचे दूध आपापल्या वाटीत घेतात आणि पॅडल तिरके करून प्रत्येक वाटीत सुमारे दोन मिली ठेवतात. तितकेच द्रावण घालून दहा-वीस सेकंद गोल फिरवतात. संसर्ग झाला की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात. डिटर्जंटने त्या फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर पडतो आणि पेशी जितक्या जास्त तितके दूध घट्ट होते.

या घट्टपणावरून निकालाच्या पायऱ्या ठरतात आणि खरा वाद ‘निगेटिव्ह’च्या लगेच वरच्या ‘ट्रेस’ या पायरीवर आहे. दूध किंचित दाटते, पण फिरवत राहिल्यास तो दाटपणा विरतो. पेशींच्या संख्येत ‘निगेटिव्ह’ आणि ‘ट्रेस’ यांच्या सीमा एकमेकींत शिरलेल्या आहेत. ‘ट्रेस’ला बाधित धरले, तर निरोगी सडांवरही प्रतिजैविक जाते आणि दूध काही दिवस फेकावे लागते, सोडून दिले, तर सुरुवातीचा संसर्ग निसटतो. आमच्याकडे बरेच जण सरसकट ‘पॉझिटिव्ह’ लिहून मोकळे होतात, जे मला अजिबात पटत नाही, कारण पॅडलला चार वाट्या आहेत त्या एकाच गाईचे चार सड एकमेकांशी ताडून पाहण्यासाठीच. आटत आलेल्या किंवा नुकत्याच व्यायलेल्या गाईत चारही वाट्या दाटल्या, तर कारण बहुधा दुग्धकाळाची अवस्था असते. एकच वाटी दाटली, तर संशय त्या सडावर जातो.

सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्यात वेताच्या चौथ्या महिन्यातल्या संकरित गाईच्या मागच्या डाव्या सडाचा असाच ‘ट्रेस’ आला आणि उरलेले तीन सड निगेटिव्ह होते. ‘दूध तर पांढरंशुभ्र आहे की,’ असे मालक म्हणाले आणि ते खरेही होते. संकलन केंद्रावर फक्त फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, मोजले जात होते, पेशी नव्हे. शिवाय चार सडांचे दूध एकत्र झाल्यावर एका सडाचा दोष त्यात विरून जातो. आम्ही औषध दिले नाही, तो सड शेवटी पिळायला सांगितला आणि आठ दिवसांनी पुन्हा तपासले. या वेळी दूध लगेच घट्ट होऊन वाटीच्या मध्याकडे गोळा झाले. तेव्हा कुठे, प्रतिजैविक देण्याआधी, सड निर्जंतुक पुसून नमुना प्रयोगशाळेत पाठवला, कारण पॅडल पेशी दाखवते, जंतू कोणता ते सांगत नाही.

गावात द्रावणाऐवजी धुण्याच्या पावडरचे पाणीही वापरतात. त्यावर ठळक दाटपणा कळतो, पण पावडरची तीव्रता दर वेळी सारखी नसते, म्हणून त्या पाण्यावर आलेला ‘ट्रेस’ मी नोंदवहीत लिहीत नाही.