सातवा लॉट घ्यावा का नाही: मामाच्या डाळ मीलचा हिशोब

परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी रील टाकली, सूटबूटवाला बिझनेस कोच सांगतोय, "जितकं जास्त बनवाल तितकी कॉस्ट कमी, म्हणून प्रॉडक्शन डबल करा!" खाली मामाचा अंगठा. मामाची लातूरजवळ छोटी डाळ मील हाय, शेतकऱ्याची तूर मजुरीवर भरडून द्यायची, क्विंटलला ४०० रुपये. पाच क्विंटलचा एक लॉट, म्हणजे लॉटला २००० रुपये. (आकडे गोल करून घेतलेत, हिशोब कळायला सोपा जावा म्हणून.)

तर मामा सीझनमध्ये दिवसाला आठ लॉट काढायलेत आणि रात्री अकरापर्यंत जागायलेत. मी म्हणलं, मामा, एवढं कशाला? तर म्हणे, "आरं लेका, आठ लॉटची सरासरी काढ की. साडेसतराशे पडायली. दोन हजार मिळायलेत. लॉटमागं अडीचशे सुटायलेत, मग सोडू कशाला?"

हिशोबात चूक नाही, सरासरी खरंच १७५० येते. चुकलाय तो प्रश्न. आठही लॉट मिळून किती सुटले हे मामा बघत होते, पण आठवा लॉट घ्यायचा का नाही हे ठरवायला त्या आठव्याच लॉटला जादा किती खर्च आला ते बघावं लागतं. याला अर्थशास्त्रात सीमांत खर्च म्हणतात, म्हणजे अजून एक नग काढला तर एकूण खर्चात पडणारी भर. बस, एवढंच.

आता मीलचा दिवस बघू. मशीनचा हप्ता, शेडचं भाडं, मामाची स्वतःची मजुरी असं धरून रोजचे ३००० रुपये मील चालली काय नि बंद राहिली काय, लागणारच. हा स्थिर खर्च. त्याच्यावर पहिल्या लॉटला १००० लागतात, कारण एका लॉटसाठी पण सगळे मजूर बोलवावे लागतात आणि रोलर सेट करावा लागतो. दुसऱ्याला ८००, तिसऱ्याला ७००, गाडी रुळावर येते. चौथ्याला ९००, पाचव्याला १२००. इथून पुढं गंमत हाय. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावं लागतं आणि मामाच्या अंगणात पाच लॉटच पसरतात. सहाव्यासाठी शेजाऱ्याची मोकळी जागा, भाड्याची ताडपत्री, पोती वाहायला जादा माणूस, झाले १६००. सातव्याला रात्रपाळीची मजुरी आणि लाईट गेली की जनरेटरचं डिझेल, २१००. आठव्याला तर माणसं पेंगायला लागतात, माल नीट वाळत नाही, डाळ कमी आणि चुरी जास्त निघते, मग शेतकऱ्याला भरपाई द्या. २७००!

मशीन तेवढंच, अंगण तेवढंच, त्याच्यावर काम वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर पुढचा प्रत्येक लॉट महाग पडणार. कोचची रील तिसऱ्या लॉटलाच संपलेली असते, बाकी पिक्चर तो दाखवतच नाही.

आता माझा आवडता भाग, थोडं सावकाश वाचा. सरासरी आधी उतरते आणि मग चढते, ते का? डेअरीतला दुधाचा कॅन डोळ्यापुढं आणा. कॅनमधल्या दुधाची फॅट ५ हाय. त्यात ४ फॅटची बादली ओतली की कॅनची फॅट उतरणार, ६ ची ओतली की चढणार. कॅन म्हणजे सरासरी आणि नवीन बादली म्हणजे सीमांत. नवी बादली कॅनच्या खाली असेल तोपर्यंतच ती कॅनला खाली ओढते.

पण इथंच पोरं परीक्षेत घसरतात. त्यांना वाटतं सीमांत खर्च वाढायला लागला की सरासरीपण लगेच वाढणार. तसं होत नाही! मामाचा चौथा लॉट तिसऱ्यापेक्षा महाग हाय, ७०० वरून ९०० झाला, तरी सरासरी १८३३ वरून १६०० वर उतरली, कारण ९०० अजून त्या १८३३ च्या कितीतरी खाली हाय. पाचवा १२०० चा, सरासरी आणखी उतरून १५२०. सहावा १६०० चा, हा १५२० च्या वर गेला, लगेच सरासरी पलटली, १५३३. म्हणून सीमांत खर्चाची वर चढणारी रेघ सरासरीच्या रेघेला बरोबर तिच्या तळाशीच कापते, दुसरीकडं कापूच शकत नाही.

मग शहाणा माणूस म्हणेल, तळ पाचव्या लॉटला हाय ना, मग पाचवरच थांबा. मी मामाला आधी हेच सांगितलं होतं आणि मीच फसलो. पाच लॉटला १०,००० आले, खर्च ७६००, सुटले २४००. सहा लॉटला १२,००० आले, खर्च ९२००, सुटले २८००. सहाव्याला जादा लागले १६०० आणि मिळाले २०००, तर तो सोडायचा कशाला? सरासरी १३ रुपयांनी वाढली तर वाढू द्या, आपल्याला सरासरी थोडीच खिशात घालायची हाय. सातव्याला मिळाले २००० आणि लागले २१००, सुटले २७००. आठव्यानंतर राहिले फक्त २०००. म्हणजे मामा जागरण करून रोज ८०० रुपये घालवत होते, आणि नफा कमी का म्हणून मध्यंतरी वास्तुवाल्याला विचारून मीलचं दारसुद्धा फिरवून घेतलेलं!

म्हणजे किती काढायचं ते सीमांत खर्च ठरवतो, चढत चढत तो भावाला टेकेपर्यंत काढा. आणि त्यात किती सुटलं ते सरासरी सांगते, इथं २००० वजा १५३३, गुणिले सहा. दोघींची कामं वेगळी. उद्या हप्ता वाढून स्थिर खर्च ४००० झाला तर सुटतील १८००, पण लॉट सहाच, कारण पुढच्या लॉटला काय लागतं त्यात हप्ता येतच नाही.

सीझन उतरला की दर पडतो. समजा लॉटला १४०० झाले. सगळ्यात कमी सरासरीच १५२०, म्हणजे तोटा नक्की. मामा म्हणले बंद ठेवतो. पण पाच लॉट काढले तर ७००० येतात, तोटा ६०० चा, आणि कुलूप लावलं तर ३००० चा. चालवा! आता दर ८०० वर आला तर? नियमानं तीन लॉट, २४०० येणार आणि खर्च ५५००, तोटा ३१००. आता मात्र कुलूपच स्वस्त. त्या तीन लॉटचा नुसता बदलता खर्च, म्हणजे रोजचे स्थिर ३००० सोडून लागणारा, सरासरी ८३३ पडतो, त्याच्यापेक्षा कमी सरासरी कुठल्याच आकड्याला येत नाही, म्हणून दर त्याच्या खाली गेला की बंद.

हे सगळं दर आपल्या हातात नसेल तर. लातूर भागात मीली भरपूर, मामानं ४०० चे ४५० केले तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. पंचक्रोशीत एकटीच मील असती तर जादा लॉट ओढायला सगळ्यांनाच दर कमी करावा लागला असता आणि मग जादा लॉटचे खरे २००० मिळालेच नसते, तो हिशोब वेगळा.

मामानं आठवा लॉट बंद केला. सातवा मात्र अजून घेतात. मी म्हणलं शंभर रुपये जायलेत की रोज. तर म्हणले, "धा वर्साचं गिऱ्हाईक हाय, आज परत लावलं तर उद्या सहाव्यालाबी येनार नाही. ते तुझ्या वहीत कुठं लिव्हलंस?" लिहिलं नव्हतं. गिऱ्हाईक तुटण्याचा खर्च धरला तर सातवा लॉट बसतो, मामाचं बरोबर होतं.