पंचगंगेची पातळी मागताना: परवानगीच्या पत्रामागचा इतिहास

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही तोंडपाठ असते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पण 2005 ते 2021 ची रोजची सलग नोंद हवी म्हटली, की पाटबंधारे कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. आकडे तर सगळ्यांसमोरचे, मग परवानगी कशाची?

1957 च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते, संकलने आणि संगणकीय डेटाबेस ‘साहित्यकृती’त मोडतात. मात्र निव्वळ मेहनत घेतली म्हणून हक्क मिळत नाही, थोडी तरी कल्पकता लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या डिसेंबरमध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक’ खटल्यात सांगितलं. म्हणजे ‘पातळी 41 फूट’ या आकड्यावर कोणाची मालकी नाही, पण रजिस्टर कार्यालयाच्या कपाटात आहे. आपण मागतो ते खरं तर कपाट उघडून देणं.

केंद्राच्या 2012 च्या डेटा धोरणाने बिगर-संवेदनशील सरकारी माहिती खुली करायचं ठरवलं. जलविषयक माहितीचं धोरण 2013 मध्ये आलं, 2018 मध्ये सुधारलं. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या गोपनीय माहितीसाठी हमीपत्र द्यावं लागतं. कृष्णा खोरं, म्हणून पंचगंगाही, त्या बंधनात येत नाही. तरीही ‘माहिती कोणाला देणार, कुठे ठेवणार’ हा परिच्छेद अर्जात लिहिलेला बरा, कारण कार्यालयाला पहिली भीती तीच असते. श्रेय कसं द्यायचं याचा साचा 2017 च्या सरकारी खुल्या डेटा परवान्यात आहे: देणाऱ्याचं नाव, स्रोत, परवाना. पण हा परवाना प्रकाशित डेटाला लागू होतो, कपाटातल्याला नाही. त्यासाठी पत्रच हवं.

‘संशोधनासाठी’ एवढंच लिहिलेला अर्ज बहुधा पडून राहतो. त्यापेक्षा असं लिहावं: ‘राजाराम बंधारा, 1 जून ते 30 सप्टेंबर, 2005 ते 2021, सकाळी 8 ची पातळी. कसबा बावड्याच्या पूररेषेच्या अभ्यासासाठी. मूळ फाइल आम्हा दोघा अभ्यासकांकडेच राहील. निष्कर्ष छापण्यापूर्वी आपणास दाखवू. श्रेय कोणत्या नावाने द्यावे, ते कळवावे.’

शेवटी एकक जरूर विचारावं. नोंदवहीत 39.10 म्हणजे 39 फूट 10 इंच असू शकतं, दशांशात 39.83. एक्सेलमध्ये ते 39.1 होतं, पुढचा माणूस 39 फूट 1 इंच वाचतो आणि पूर नऊ इंचांनी उतरतो. दशांशानंतर 11 दिसतो, पण त्याच्या वर आकडा कधीच दिसत नाही, असं असेल तर ते बहुधा इंच आहेत असं समजावं. पट्टीचा शून्य बिंदू समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, तेही त्याच पत्रात विचारून घ्यावं. ते कळल्याशिवाय ही पातळी गावाच्या नकाशावर बसवता येत नाही.