अंदाज वेगळा, तुक्का वेगळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना डीआय, म्हणजे तक्ते आणि आलेखांवरची गणितं, शिकवतो. सराव पेपर तपासून झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सर, अंदाज लावला की हो, तरी चुकलं." कच्चा कागद मागून बघावा तर त्यावर अंदाज नसतोच, तुक्का असतो. पुढच्या रविवारी तेच पोरगं अंदाजाचं नाव टाकतं आणि प्रत्येक भागाकार दोन दशांशांपर्यंत करत बसतं. आयबीपीएसच्या बँक पीओ पूर्वपरीक्षेत गणिताला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. तिथे असं बसून चालत नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: अंदाज आणि तुक्का यांची सरमिसळ.

तुक्क्याबद्दल फार बोलत नाही, तो सगळ्यांना येतो. पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा, असा पेपर असेल तर निव्वळ तुक्क्याची सरासरी कमाई शून्य. पाचात एकदा एक गुण मिळतो आणि चारदा मिळून एक गुण जातो. विषय संपला.

अंदाज मात्र दोन गोष्टींनी मिळून होतो. एक उत्तर, आणि ते किती इकडेतिकडे असू शकेल याची जाणीव. दुसरी गोष्ट नसेल तर कागदावर कितीही आकडेमोड असो, तो तुक्काच. आणि ही जाणीव बहुतेकांची एकाच ठिकाणी सुटते. ते ठिकाण दाखवायला एक तक्ता घेऊ. आकडे मी सरावासाठी बनवले आहेत, मार्केट यार्डात जाऊन पडताळू नका. गुळाची आवक, क्विंटलमध्ये:

| तालुका | गेलं वर्ष | हे वर्ष |
|---|---|---|
| करवीर | ४,८७० | ५,३१० |
| पन्हाळा | ३,२४० | ३,५९० |
| कागल | २,९१५ | ३,२३५ |
| शाहूवाडी | १,८६० | २,०१० |
| राधानगरी | २,३८५ | २,६१० |

आधी सोपा प्रश्न. या वर्षीच्या एकूण आवकेत करवीरचा वाटा किती टक्के? पर्याय २६, २९, ३२, ३५ आणि ३८. आकडे जवळच्या शंभरात गोल करा आणि शेकड्यात बेरीज करा: ५३, ३६, ३२, २०, २६, एकूण १६७. आता १६७ मधले ५३. एक तृतीयांश असते तर साधारण ५५.७ झाले असते, आपल्याकडे पावणेतीनच्या आसपास कमी आहेत. १६७ मधले पावणेतीन म्हणजे दीड टक्क्याहून थोडं जास्त. ३३.३ मधून तेवढं काढलं की पावणेबत्तीसच्या जवळ येतं. उत्तर ३२.

हा अंदाज का चालला? शेजारच्या पर्यायांत तीनचं अंतर आहे आणि उत्तर ३२ च्या घरातलं आहे, म्हणजे पर्याय एकमेकांपासून साधारण नऊ टक्के लांब आहेत. चुकीचा पर्याय हाती लागायला आपण त्याच्या निम्मं, साडेचार टक्के तरी घसरायला हवं. आपण ५,३१० चे ५,३०० केले आणि १६,७५५ चे १६,७००. दोन्ही घसरणी अर्ध्या टक्क्याच्या आत आहेत, शिवाय एकाच दिशेने आहेत, त्यामुळे भागाकारात बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. भागाकारात वरचा आणि खालचा आकडा एकाच बाजूला सरकवावा, गुणाकारात उलट बाजूंना, इतकं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

इथपर्यंत सगळे बरोबर येतात. आता दुसरा प्रश्न: आवकेत टक्केवारीने सर्वांत जास्त वाढ कुठल्या तालुक्यात झाली?

मागच्याच रविवारी एकाने याचं उत्तर पन्हाळा असं दिलं, आणि तेही ठणकावून. "सर, शंभरात गोल केलं. पन्हाळा ३,२०० चं ३,६०० झालं, म्हणजे ४०० वाढ, साडेबारा टक्के. कागल २,९०० चं ३,२००, दहाच्या थोडं वर. बाकीचं कोण जवळपास पण नाही." पद्धत आधीच्याच प्रश्नाची, तालुकेही तेच. तरी उत्तर चूक. खरं उत्तर कागल आहे.

घोटाळा कुठे झाला ते सावकाश बघा. पन्हाळ्याचे ३,२४० त्याने ३,२०० केले, घसरण सव्वा टक्का. ३,५९० चे ३,६०० केले, घसरण पाव टक्क्याच्या आसपास. दोन्ही क्षुल्लक. पण टक्केवारीची वाढ काढताना वर बसतो तो यातला एकही आकडा नाही. वर बसते त्यांची वजाबाकी, आणि ती होती ३५०, झाली ४००. म्हणजे वाढ चौदा टक्क्यांनी फुगली. कागलमध्ये उलट झालं: ३२० ची वाढ ३०० वर आली, सहा टक्के खाली. एक फुगलं, एक बसलं, आणि क्रम फिरला.

शेताकडच्या पोरांना मी हे वजनकाट्यावरून सांगतो. समजा काटा २० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वजनाला त्याचं काही वाटत नाही, कित्येक टनांत दहा किलो कुठे दिसतात! पण त्याच ट्रॉलीवर ३० किलोचा गुळाचा एक रवा चढवून आणि उतरवून, दोन वजनांच्या फरकातून रव्याचं वजन काढायला गेलात, तर काटा कधी २० सांगेल, कधी ४०. ३० कधीच सांगणार नाही. काटा तोच, चूक तेवढीच. पण आधी ती टनांमध्ये बुडून गेली होती, आता ती रव्याच्या मापाला आली.

म्हणून माझा नियम एकच, आणि तो मी घासाघीस न करता पाळायला लावतो: वजाबाकी आधी, गोल करणं नंतर. फरक नेमका काढायचा. तीन-चार अंकी आकड्यांचा फरक तोंडी निघतो, त्याला कागदही लागत नाही. ३,२४० पासून ३,५४० पर्यंत ३००, वर ५०, झाले ३५०. त्यानंतर खालचा पाया, म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा, हवा तसा गोल करा. पन्हाळ्याचा पाया ३,२४० ऐवजी ३,२०० धरला तरी उत्तर १०.८ चं १०.९ होतं, त्याने फारसं बिघडत नाही.

आता तोच प्रश्न नीट, भागाकार न करता. फरक लिहून काढू: करवीर ४४०, पन्हाळा ३५०, कागल ३२०, शाहूवाडी १५०, राधानगरी २२५. पायाचा शेवटचा अंक झाकला की त्याचे दहा टक्के मिळतात. करवीरचे ४८७, फरक त्याहून कमी, बाद. शाहूवाडी १८६, बाद. राधानगरी २३८, बाद. पन्हाळ्याचे ३२४, फरक ३५०, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर २६. कागलचे २९१, फरक ३२०, वर २९. कागलची जास्तीची रक्कम मोठी आणि पाया लहान. तेव्हा कागलच, इथे थांबायचं. किती टक्के हे विचारलेलंच नाही, ते काढत बसणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. जास्तीची रक्कम आणि पाया दोन्ही एकाचेच मोठे असते, तर मात्र एक कच्चा भागाकार करावा लागला असता.

दहाच टक्के का, असं विचाराल. फरक पायाच्या दहाव्या भागाच्या आसपास घोटाळताना दिसले म्हणून. ते पाचव्या भागाजवळ असते तर वीसची रेघ मारायची. पाचही जण रेघेच्या एकाच बाजूला पडले तर रेघ चुकली, दुसरी घ्या.

आलेखात हीच गोष्ट दुसऱ्या वेशात येते. वरच्या तक्त्याचा स्तंभालेख काढला आणि उभा अक्ष शून्याऐवजी २,००० पासून सुरू केला, तर या वर्षीचा करवीरचा स्तंभ पन्हाळ्याच्या दुपटीहून उंच दिसतो. खरी पट दीडसुद्धा नाही. शाहूवाडी तर जमिनीला चिकटून बसतं, जणू तिथे गूळच पिकला नाही. अशा आलेखावर उंचीतला फरक डोळ्यांनी मोजला तर तो बरोबर असतो, कारण दोन्ही स्तंभ सारखेच कापलेले आहेत. पट किंवा टक्केवारी मात्र डोळ्यांनी काढायची नाही, त्यासाठी अक्षावरचा आकडा वाचायचा. आलेख समोर आला की आधी रंग बघणारे आणि अक्षाचा खालचा आकडा न बघणारे मला दर आठवड्याला भेटतात.

राहिला प्रश्न, गणित पूर्ण कधी करायचं? पर्याय आपल्या घसरणीपेक्षा जवळ आले की. करवीरच्या वाट्याला ३१.२, ३१.७, ३२.१ असे पर्याय असते, तर त्यांच्यातलं अंतर दीड टक्क्याचं आणि त्याचं निम्मं पाऊण टक्का. आपली कच्ची बेरीज तिथे काठावर उभी असते. आणि खाली 'यापैकी नाही' असेल तर अंतर मोजायला दुसरं टोकच उरत नाही. तेव्हा बेरीज नेमकी करा, १६,७५५. तरीही लांब भागाकार मांडू नका, मधला पर्याय उलटा तपासा. १६,७५५ चे तीस टक्के ५,०२६.५, आणि १.७ टक्के सुमारे २८५. मिळून ५,३११ च्या जरा वर. तक्त्यात ५,३१० आहेत. एका दशांशापर्यंत ३१.७ बरोबर, पुढचा प्रश्न घ्या.