चार पिशव्यांची वाटणी आणि दोन प्रकारचे क्वांटम संगणक

डी-वेव्ह या कॅनडात सुरू झालेल्या कंपनीने 2020 साली आणलेल्या ‘ॲडव्हांटेज’ यंत्रात 5000हून अधिक क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे मूलभूत घटक, आहेत आणि गुगलने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या ‘विलो’ चिपवर फक्त 105. हे दोन आकडे शेजारी ठेवून पहिले यंत्र पन्नासपट सरस ठरवले जाताना मी अनेकदा पाहिले आहे. ही तुलना मुळातच चुकीची आहे, कारण दोन्हींतले क्युबिट निरनिराळ्या कामाला जुंपलेले असतात. पहिल्या प्रकाराला क्वांटम ॲनीलिंग म्हणतात, दुसऱ्याला गेट-आधारित क्वांटम संगणन. कोणत्या प्रश्नाला कोणते यंत्र मानवेल, हे त्या प्रश्नाच्या घडणीवर ठरते.

एक छोटा प्रश्न घेऊ. 4, 5, 6 आणि 7 किलोच्या चार पिशव्या दोन जणांत अशा वाटायच्या आहेत की दोघांच्या वाट्याला येणारे वजन शक्य तितके सारखे असावे. प्रत्येक पिशवीला एक चिन्ह देऊ: पहिल्याकडे गेली तर +1, दुसऱ्याकडे गेली तर –1. वजने आपापल्या चिन्हासह मिळवली की दोघांच्या वाट्यातला फरक मिळतो, आणि त्या फरकाचा वर्ग शून्याच्या जितका जवळ तितकी वाटणी चांगली. या वर्गाचा विस्तार केला की 126 ही स्थिर संख्या आणि पिशव्यांच्या सहा जोड्यांची सहा पदे उरतात. प्रत्येक पदात त्या दोन वजनांच्या गुणाकाराची दुप्पट असते, म्हणजे 4 आणि 5 या जोडीसाठी 40, तर 6 आणि 7 या जोडीसाठी 84.

ॲनीलिंगच्या यंत्राला नेमके हेच सहा आकडे द्यायचे असतात. त्यातला प्रत्येक क्युबिट म्हणजे नायोबियम या अतिवाहक धातूचे एक सूक्ष्म कडे असते. ते निरपेक्ष शून्याच्या जेमतेम 0.015 अंश वर थंड ठेवलेले असते आणि त्यात विद्युतप्रवाह घड्याळाच्या दिशेने किंवा उलट फिरू शकतो. या दोन दिशा म्हणजेच आपली +1 आणि –1 ही चिन्हे. दोन कड्यांमधल्या जोडाची ताकद त्या जोडीच्या आकड्याच्या प्रमाणात ठेवली, की त्या पिशव्या एकाच बाजूला जाणे ऊर्जेच्या दृष्टीने तितकेच महाग पडते.

सुरुवातीला एका आडव्या क्षेत्राच्या जोरावर प्रत्येक कडे दोन्ही दिशांच्या मिश्र अवस्थेत ठेवले जाते. मग साधारण 20 मायक्रोसेकंदांत ते क्षेत्र उतरवत नेतात आणि जोडांचा प्रभाव वाढवत नेतात. तापवलेला धातू हळूहळू निववला की त्यातले अणू कमी ऊर्जेच्या रचनेत बसतात, तशीच ही कडी कमीत कमी ऊर्जेच्या मांडणीकडे सरकतात. फरक एवढाच की मधली ऊर्जेची टेकडी ओलांडून जाण्याऐवजी क्वांटम टनेलिंगमुळे ती आरपार भेदताही येते. टनेलिंगचा असा उपयोग होऊ शकेल, हा विचार 1989 साली बिकास चक्रवर्ती आणि त्यांच्या कोलकात्यातील सहकाऱ्यांनी मांडला होता, आणि 1998 साली जपानमधील कादोवाकी व निशिमोरी यांनी त्याला आज ओळखले जाणारे रूप दिले.

आपल्या प्रश्नात 4 आणि 7 एकीकडे, 5 आणि 6 दुसरीकडे गेले की ऊर्जा, म्हणजे फरकाचा वर्ग, शून्य होते. हा प्रयोग हजार वेळा केला, तर 4 व 7 पहिल्याकडे जाणे आणि दुसऱ्याकडे जाणे या दोन्ही वाटण्या साधारण सारख्याच वेळा यायला हव्यात, कारण गणिताला दोघे सारखेच. एकच बाजू वारंवार वरचढ ठरू लागली, तर यंत्राच्या कड्यांमध्ये कुठेतरी कल शिरला आहे, असे ओळखावे.

आता सर्वोत्तम वाटणीच्या लगतची वाटणी पाहा. 4 व 6 एकीकडे, 5 व 7 दुसरीकडे: फरक 2 किलो, ऊर्जा 4. सर्वांत मोठा जोड 84चा असताना यंत्राला 4 इतका बारीक फरक जाणवायला हवा. इथपर्यंत ठीक आहे. पण वजने सात-सात अंकी असतील तर गुणाकार चौदा अंकी होतात आणि प्रत्यक्ष प्रवाहाने साकारलेला जोड इतक्या बारकाईने लावणे अशक्य असते. यंत्र मग दिलेला प्रश्न सोडून त्याच्यासारखाच दुसरा प्रश्न सोडवून देते.

दुसरी अडचण जोडणीची आहे. ‘ॲडव्हांटेज’मधले प्रत्येक कडे जास्तीत जास्त 15 कड्यांशी जोडलेले असते, तर शंभर पिशव्यांच्या प्रश्नात प्रत्येकीचा इतर 99 जणींशी संबंध येतो. त्यामुळे एका पिशवीसाठी अनेक कड्यांची साखळी करावी लागते आणि तिने एकमताने वागावे म्हणून आतले जोड घट्ट ठेवावे लागतात. सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध असलेला प्रश्न घेतला, तर पाच हजार क्युबिटांत जेमतेम 180च्या आसपास चले मावतात. निकाल वाचताना एकाच साखळीतली कडी वेगवेगळ्या दिशा दाखवू लागली तर साखळी तुटली असे म्हणतात. ती जास्त घट्ट केली, तर मूळ प्रश्नाचे जोड तिच्यापुढे क्षीण पडतात.

म्हणून माझ्या मते ॲनीलिंगला ते प्रश्न मानवतात ज्यांत प्रत्येक घटकाचा थोड्याच शेजाऱ्यांशी संबंध असतो, आकडे लहान असतात आणि सर्वोत्तमाच्या जवळचे उत्तरही चालते. कामाच्या पाळ्या लावणे किंवा जाळ्याचे दोन भाग करणे, ही त्याची उदाहरणे. सर्वांत चपखल प्रश्न मात्र चुंबकीय पदार्थांतील अणूंच्या वर्तनाचा आहे, कारण यंत्र स्वतःच तसे एक जाळे असते.

गेट-आधारित संगणकाची रीत वेगळी आहे. तिथे क्युबिटांवर एकामागून एक ठरावीक क्रिया, म्हणजेच गेट, केल्या जातात आणि चुकीच्या उत्तरांकडे नेणाऱ्या तरंगांनी एकमेकांना खोडावे, अशी त्यांची आखणी असते. पीटर शोर यांनी 1994 साली दिलेली अवयव पाडण्याची रीत 15 या संख्येवर पाहू. 7चे घात घेऊन त्यांना 15ने भागले की बाकी 1, 7, 4, 13 आणि पुन्हा 1 अशी येते, म्हणजे चारने आवर्तन होते. त्याच्या निम्मा घात, 7चा वर्ग, 49. त्याच्या अलीकडचे 48 आणि पलीकडचे 50 यांचे 15शी मसावि काढले की 3 आणि 5 हे अवयव हाती येतात. मोठ्या संख्येत हे आवर्तन शोधणे साध्या संगणकाला डोंगराएवढे काम असते. क्वांटम संगणक ते तरंगांच्या व्यतिकरणातून काढतो. इथे ऊर्जेची दरी नाही, आहे ती लय, आणि ती ऐकण्याची सोय ॲनीलिंगच्या यंत्रात नसते.

याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. दोन क्युबिटांवरची क्रिया हजारात तीनदा चुकत असेल, तर अशा हजार क्रिया ओळीने निर्दोष होण्याची शक्यता शंभरात पाच इतकीच उरते, आणि उपयोगी आकाराच्या संख्यांना अब्जावधी क्रिया लागतात. म्हणून अनेक क्युबिट मिळून एक भरवशाचा क्युबिट घडवावा लागतो. कूटलेखनात वापरली जाणारी 2048 बिटांची संख्या अवयव पाडून फोडायला दहा लाखांहून कमी सदोष क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ पुरेल, असा अंदाज गुगलच्या क्रेग गिडनी यांनी 2025 साली मांडला. ‘विलो’च्या 105पासून तिथवरचे अंतर किती मोठे आहे हे यावरून कळते.

उलट, पिशव्यांच्या वाटणीला गेटचे यंत्र आपसूक वरचढ ठरते असेही नाही. अशा यंत्रावर चालणारी ग्रोव्हरची शोधरीत शंभर पिशव्यांच्या सगळ्या शक्यता तपासण्याऐवजी त्यांच्या संख्येच्या वर्गमूळाइतक्याच फेऱ्या घेते, पण त्याही हजार लाख कोटींच्या घरात राहतात. सेकंदाला दहा लाख निर्दोष फेऱ्या झाल्या तरी काही दशके लागतील.

2024 मध्ये शांघाय विद्यापीठातील संशोधकांनी डी-वेव्हच्या यंत्रावर 22 बिटांच्या संख्येचे अवयव पाडले आणि कूटलेखन मोडल्याच्या बातम्या पसरल्या. 22 बिटांची संख्या 42 लाखांहून लहान असते, आणि 2048च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की कोणताही लॅपटॉप तिचे अवयव क्षणात देतो. असा दावा वाचताना दोन प्रश्न विचारावेत: संख्या दुप्पट लांब केली तर वेळ किती पटीने वाढतो, आणि तोच प्रश्न साध्या संगणकावरच्या चांगल्या रीतीला दिला तेव्हा तिला किती वेळ लागला.