तव्यावरचा कूलर: मशरूमला पाणी का सुटतं?

‘मशरूम धुवायचे नसतात, ते पाणी पितात आणि मग भाजीत सोडतात.’ नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात दोनशे ग्रॅमचं पाकीट हातात घेतलं की शेजारी उभं असलेलं कुणीतरी हा सल्ला देतंच. कढईत मशरूमचं डबकं झालं की दोष धुण्यावर जातो. मग पुढच्या वेळी लोक एकेक मशरूम ओल्या फडक्याने पुसत बसतात, आणि डबकं तरीही होतंच.

घरात स्वयंपाकघराचा वजनकाटा असेल तर खरं-खोटं लगेच कळतं. अख्खे मशरूम भराभर धुवा, फडक्यावर कोरडे करा आणि पुन्हा तोला. दोनशे ग्रॅमला फार तर चार-पाच ग्रॅमची भर पडलेली दिसेल. याउलट पांढऱ्या बटन मशरूममध्ये मुळातच सुमारे ९२ टक्के पाणी असतं. म्हणजे त्या पाकिटात धुण्याआधीच १८४ ग्रॅम पाणी आहे, जवळपास पेलाभर. त्यापुढे चार ग्रॅमचं काय? तेव्हा माती लागलेली असेल तर खुशाल धुवा. फक्त चिरण्याआधी धुवा, कारण चिरलेला भाग जास्त पाणी धरतो.

मग तेच मशरूम एकाच्या तव्यावर खरपूस तपकिरी होतात आणि दुसऱ्याकडे राखाडी, चिवट का राहतात? पाणी दोघांकडे सारखंच आहे. फरक पडतो तो पाणी किती वेगाने सुटतं आणि किती वेगाने उडतं, यात.

आधी तपकिरी रंगाचं बघू. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिल मायार यांनी १९१२ साली अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवल्यावर होणाऱ्या अभिक्रियेचं वर्णन केलं. भाकरीचे डाग, भाजलेल्या मांसाचा वास आणि मशरूमचा खरपूसपणा, या सगळ्यांमागे हीच अभिक्रिया आहे. ती स्वयंपाकाच्या वेळेत नजरेत भरेल इतकी जोरात चालायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. आणि पाणी उकळतं १०० अंशांना. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेच मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे ते ९९ अंशांच्या आसपास उकळतं, एवढाच फरक. मशरूमचा खालचा भाग ओला आहे तोवर त्याचं तापमान या शंभरापाशी अडकून राहतं. गॅस कितीही मोठा करा, पाणी जोरात उकळेल, पण मशरूम शंभराच्या वर जाणार नाही.

ते का अडकतं हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको, कारण एप्रिल-मे आपण त्याच नियमाच्या भरवशावर काढतो. कूलरच्या जाळीवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं आणि हवा गार होते. तव्यावरही हेच घडतं, फक्त तिथे गार होतो तो तवा. द्रवाची वाफ होताना तापमान न वाढवता जी उष्णता लागते, ती शाळेत शिकलेली अप्रकट उष्णता. तिचा आकडा प्रचंड आहे. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून शंभर अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.३ किलोज्यूल पुरतात. तेच एक ग्रॅम पुढे वाफेत बदलायला २.२६ किलोज्यूल लागतात. सात पटींहून जास्त! म्हणून मे महिन्यात स्वयंपाकघर ४५ अंशांवर असलं तरी मशरूम लवकर भाजले जात नाहीत. खरा खर्च तापवण्याचा नसून वाफ करण्याचा आहे.

आता हिशेब करून पाहू. तळाशी वीस सेंटिमीटर रुंद आणि एक किलो वजनाचा बिडाचा तवा घ्या आणि तो साधारण २२० अंशांपर्यंत तापवा. एवढा तापला की त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चिकटून चरचरत नाही, गोळी होऊन पळत सुटतो. बिडाचं एक किलो एक अंशाने तापायला ०.४५ किलोज्यूल लागतात. म्हणजे २२० वरून १०० अंशांवर येईपर्यंत या तव्याकडे सुमारे ५४ किलोज्यूल उष्णता शिल्लक आहे.

त्यावर अख्खं पाकीट, दोनशे ग्रॅम, एकदम ओता. तीस अंशांवरचे हे मशरूम नुसते शंभरापर्यंत तापायला साधारण ५५ किलोज्यूल खातात. तव्याची सगळी शिल्लक तिथेच संपली, आणि अजून एक थेंबही वाफ झालेला नाही. तवा मशरूमच्याच पातळीवर खाली आला. आता भरवसा फक्त गॅसचा. घरगुती शेगडीच्या मधल्या बर्नरची बरीच उष्णता आजूबाजूने निघून जाते. तव्यात एक किलोवॉट शिरते असं धरलं, तर मिनिटाला जास्तीत जास्त २६ ग्रॅम पाणी उडेल. त्याच वेळी ६० अंशांच्या पुढे गेलेल्या मशरूमच्या पेशींची आवरणं फुटतात आणि पाणी सगळ्या बाजूंनी बाहेर पडू लागतं. दोनशे ग्रॅम मशरूम तीनेक मिनिटांत शंभर ग्रॅम पाणी सोडू शकतात, म्हणजे मिनिटाला तेहतीसच्या आसपास. सुटतात तेहतीस, उडतात सव्वीस. उरलेलं तळाशी साचतं, आणि साचलं की मशरूम त्यात शिजू लागतात. शिवाय वीस सेंटिमीटरच्या तळावर एवढे काप एका थरात मावतच नाहीत. वरच्या थरामुळे खालची वाफ अडते, तिथल्या थंड मशरूमवर तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते खाली ठिबकतं.

आता तोच तवा, पण मशरूम शंभर ग्रॅम. ते तापायला २७ किलोज्यूल लागतात आणि तव्याकडे तेवढेच अजून शिल्लक राहतात. त्यात दहा-बारा ग्रॅम पाणी क्षणात वाफ होऊन जातं. पाणी सुटण्याचा वेग निम्मा झाला, गॅसचा वेग तोच राहिला, त्यामुळे सुटेल तेवढं तिथल्या तिथे उडतं. कापांमधल्या मोकळ्या जागेतून वाफ निघून जाते.

इथे एक शंका येईल. दोन घाण्यांत भाजलं तरी एकूण पाणी तेवढंच उडवायचं, एकूण गॅस जवळपास तेवढाच, मग फायदा काय? मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. मोकळ्या तव्यावर कापाचा फक्त तव्याला टेकलेला पातळ थर आधी कोरडा पडतो. तो कोरडा पडताच शंभराची अडचण संपते, तापमान वर चढतं आणि रंग येतो, तेव्हा कापाच्या आतला रस अजून आतच असतो. गर्दीच्या तव्यावर मात्र तळ कोरडा व्हायला डबकं संपावं लागतं. ते संपेपर्यंत प्रत्येक काप आतपर्यंत शिजून पिळला गेलेला असतो. रंग शेवटी येतो, पण आत रस उरत नाही. बाहेरून खरपूस आणि आतून रसरशीत हा मिलाफ फक्त पहिल्या मार्गाने मिळतो.

चिवटपणाचंही मूळ इथेच आहे. मशरूमच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, खेकड्याच्या कवचात असतं तेच. वांग्या-दोडक्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं, म्हणून त्या भाज्या जास्त शिजवल्या की गळतात. कायटिन स्वयंपाकाच्या तापमानाला दाद देत नाही. त्यामुळे मशरूम कितीही वेळ शिजवा, त्याचा लगदा होत नाही. पाणी आणि हवा निघून गेली की तीच चिवट जाळी आकसून दाताखाली येते. राखाडी मशरूम चावताना कुरकुरल्यासारखा रबरी वाटतो, त्याचं कारण हे. अर्ध्यावर गॅस बंद केला तर तो तसाच पानात येतो.

शिजवण्याच्या ताकदीवर असाच फाजील विश्वास आणखी एका बाबतीत दिसतो, आणि तो जिवावर बेततो. पावसाळ्यात विदर्भात सात्या आणि टेकोडे या रानातल्या अळिंब्या विकायला येतात. तेव्हा सांगितलं जातं की शिजवताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. हे साफ खोटं आहे. जगातल्या सर्वांत घातक अळिंब्यांमधल्या अमॅटॉक्सिन या विषांचा चांदीवर काही परिणाम होत नाही, आणि ती शिजवूनही नष्ट होत नाहीत. ओळख पक्की नसलेली रानटी अळिंबी कुठल्याही तव्यावर जाऊ नये. या लेखातलं सगळं बाजारातल्या बटन मशरूमबद्दल आहे.

प्रत्यक्ष करताना काप अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचे करा. फार पातळ काप रंग येण्याआधीच आतून सुकतात. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा चांगला तापवा. नॉनस्टिक भांडं असं रिकामं कडकडीत तापवू नका, त्याचा लेप खराब होतो. दोन चमचे फल्लीतेल सोडा आणि काप एका थरात, मध्ये थोडी जागा ठेवून मांडा. मशरूमच्या पोकळ्यांत हवा असते, त्यामुळे सुरुवातीचं तेल ते झटकन शोषतात आणि तवा कोरडा दिसतो. तेव्हा घाबरून आणखी तेल ओतू नका. पोकळ्या बसल्या की त्यातलं बरंचसं परत येतं. मग तीन-चार मिनिटं हात लावू नका. ढवळलं की टेकलेली बाजू बदलते आणि कोणतीच बाजू कोरडी होत नाही. कान द्या: पाणी असेपर्यंत खदखद ऐकू येते, ते संपलं की आवाज तडतडीवर येतो. तडतड सुरू झाल्यावर एक काप उचलून बघा. कडेपासून तपकिरी झाला असेल तर सगळे उलटा आणि आणखी दोन मिनिटं द्या.

मीठ शेवटी. आधी टाकलं तर ते परासरणाने पेशींतलं पाणी लवकर बाहेर ओढतं आणि वर मांडलेला सुटण्या-उडण्याचा हिशेब बिघडतो. लोणी आणि लसूणही शेवटच्या मिनिटाला, कारण २०० अंशांच्या तव्यावर दोन्ही जळतात.

आणि डबकं झालंच तर पाणी फेकू नका. चव देणारं ग्लुटामेट आणि साखर त्यातच विरघळलेली असते. गॅस मोठा करा, झाकण ठेवू नका आणि पाणी पूर्ण आटू द्या. शंभर ग्रॅम पाणी आटायला वरच्या हिशेबाने किमान चार मिनिटं, प्रत्यक्षात सहा-सात. तडतड सुरू झाली की चमचाभर तेल घाला आणि परतत रहा. रंग येतो, चवही दाट येते, फक्त काप लहान आणि घट्ट होतात. पुलाव किंवा मसाल्याच्या रश्श्यासाठी असे मशरूम उलट बरे, तिथे आतल्या रसाची गरज नसते. नुसते मीठ-मिरपूड लावून खायचे असतील तर मात्र दोन घाण्यांना पर्याय नाही. पहिला घाणा काढल्यावर तवा दीड-दोन मिनिटं रिकामा तापू द्या आणि थेंब पळाल्याशिवाय दुसरा घाणा टाकू नका.