वारली पोस्टरवरची हिरवी अक्षरं कोणाला दिसत नाहीत?

गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं, तारप्याभोवतीचं नाचाचं गोल रिंगण आणि मधोमध "उद्या पाणी येणार नाही". अशी पोस्टरं हल्ली सोसायटीच्या जिन्यापासून आरोग्य केंद्रापर्यंत कुठेही दिसतात, आणि दिसतात पण छान. मूळ वारली चित्रात वाचायला त्रास होईल असं काही नसतंच, कारण गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा म्हणजे गडदावर फिकं, सरळ हिशोब. गडबड होते ती आपण त्यात "थोडा कलर" टाकतो तेव्हा.

एक उदाहरण आकड्यांत बघू. समजा मागचा गेरू आहे #8B3A1E आणि पाण्याच्या नोटिशीचं हेडिंग झाडाच्या हिरव्यात, #2E7D32. ज्यांना सगळे रंग नीट दिसतात त्यांना हे हेडिंग लगेच उठून दिसतं, म्हणून डिझाइन करणाऱ्याला काही शंकाच येत नाही. पण अक्षर वाचताना डोळा रंगाच्या फरकापेक्षा उजेड-अंधाराच्या फरकावर जास्त अवलंबून असतो, आणि तो फरक मोजायचं सूत्र वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत दिलेलं आहे:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

L1 म्हणजे जास्त उजळ रंगाची उजळता, L2 गडद रंगाची. हाताने गणित करायची गरज नाही, WebAIM या साइटवरचा कॉन्ट्रास्ट चेकर उघडायचा, दोन रंगांचे कोड टाकायचे, उत्तर येतं. बारीक मजकुराला किमान ४.५ लागतं, मोठ्या हेडिंगला आणि अर्थ सांगणाऱ्या चित्राला ३. गेरूवर पांढऱ्याला मिळतात साधारण ७.७, म्हणजे आरामात पास. हळदीच्या पिवळ्याला (#F2B705) ४.२, म्हणजे हेडिंगला चालेल पण खालच्या बारीक ओळींना नाही. आणि आपल्या त्या हिरव्याला? १.५. म्हणजे ते हेडिंग फक्त रंगाच्या जोरावर उभं आहे.

आता तो रंगाचा जोरच काढून घेतला तर काय होतं बघा. लाल-हिरव्याचा गोंधळ हा रंगांधळेपणाचा सगळ्यात कॉमन प्रकार, त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत कितीतरी जास्त सापडतो, युरोपियन वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारात एकाला. त्यात परत दोन गट आहेत आणि हे लोक हमखास विसरतात. ड्युटान म्हणजे डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींपैकी हिरव्याकडे झुकलेल्या पेशींचा प्रॉब्लेम, यात आपला गेरू आणि हिरवा दोन्ही खाकीसारखे होतात आणि हेडिंग जवळजवळ विरघळतं. प्रोटान म्हणजे लालकडच्या पेशींचा, यात लाल नुसता बदलत नाही तर काळपट पडतो, त्यामुळे गेरू गडद होऊन हिरवी अक्षरं उलट जराशी वर येतात, तरी ३ च्या जवळपास नाहीच. म्हणून एकच सिम्युलेशन बघून "ठीक आहे" म्हणू नका, दोन्ही बघा. कलर ओरॅकल हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण स्क्रीनच तशी करून दाखवतं, फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूच्या प्रूफ सेटअपमध्येही दोन्ही पर्याय आहेत.

दुसरी खोड रंगाने अर्थ सांगायची. फिकट चौकटीत आठवड्याचे वार, हिरवी बाई म्हणजे पाणी येणार, लाल बाई म्हणजे नाही. ड्युटानवाल्याला सगळ्या बायका सारख्याच. इथे नवा रंग शोधत बसण्यापेक्षा वारलीच्याच भाषेत उपाय आहे, पाणी येणार त्या दिवशी बाईच्या डोक्यावर हंडा, नाही येणार त्या दिवशी हंडा जमिनीवर पालथा. मग रंग काढून टाकला तरी नोटीस समजते!

चेकर मात्र दोन सपाट रंग मोजतो, चित्र सपाट नसतं. मातीच्या भिंतीचा इफेक्ट दिला की गेरूत फिकट डाग येतात, पांढरं अक्षर नेमकं डागावर आलं की ७.७ कुठल्या कुठे जातं. म्हणून ड्रॉपरने अक्षरांमागचा सगळ्यात फिकट डाग उचला आणि तोच मोजा. आणि रिंगणातल्या माणसांच्या रेघा अक्षराच्या जाडीएवढ्याच असतात, त्यावरून मजकूर गेला की पहिले अनुस्वार, रफार गायब होतात, मग "बंद" चं "बद". अशा वेळी अक्षरांमागे सपाट गेरूची पट्टी टाका, चित्र जरा झाकलं जाईल, जाऊ दे.

शेवटी प्रिंट. स्क्रीनवरचा रंग फ्लेक्सवर तसाच येईल याची खात्री नाही, आणि नोटीस तर बऱ्याचदा काळी-पांढरी झेरॉक्स होऊनच लागते. तेव्हा आधी एक छोटा नमुना काढा, जिथे लावणार तिथल्याच उजेडात चिकटवा, नेहमीच्या अंतरावरून मोबाईलने फोटो घ्या आणि तो ग्रेस्केल करून बघा. त्यात तारीख वाचता आली नाही तर सिम्युलेटर काहीही म्हणो, रंग बदलायलाच लागेल. उलट सिम्युलेटर दाखवतो तो टोकाचा प्रकार, बहुतेकांचा त्रास त्याहून सौम्य असतो, त्यामुळे तिथे पास झालेलं पोस्टर त्यांना सहसा अडत नाही. मोतीबिंदूमुळे धूसर दिसणाऱ्या आजींबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही, त्यांच्यासाठी अक्षर मोठं आणि जाड करावं लागतं.